टाळूला वार कळत नाही

मागच्या जुलैतली गोष्ट. बाहेर मुसळधार पाऊस, खिडक्या बंद, आणि नववीच्या वर्गात साठहून जास्त मुली. मी मराठीचा तास घ्यायला आत गेले तर तिसऱ्या बाकावरची मुलगी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "टीचर, मला दुसरीकडे बसवा ना." कारण विचारलं तर मान खाली. कारण मला नंतर कळलं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या डोक्याला वास येत होता. त्या मुलीला मी इथे सना म्हणते. हे तिचं खरं नाव नाही.

स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला तेव्हा एक सहकारी चहा ढवळत सहज बोलून गेल्या, "दिवसभर डोकं गच्च बांधून ठेवतात, मग दुसरं काय होणार?" म्हणजे दोष स्कार्फचा. दोन दिवसांनी सनाची अम्मी शाळेत आली. मी आडून आडून बोलले, पण बाई हुशार, लगेच समजली. म्हणाली, "टीचर, दर जुम्याला मी स्वतः न्हाऊ घालते तिला. तेल लावून, शिकेकाईने. रोज रोज धुतलं तर बाल झडतील ना पोरीचे. आधीच मूठभर निघतात." म्हणजे दोष कोणाचाच नाही, पोरीचं नशीब.

हा लेख मी या दोघींच्या विरोधात लिहिते आहे. दोघींबद्दल मला आदर आहे, पण दोघीही चुकतात, आणि त्यांच्या चुकीची किंमत चौदा वर्षांची एक मुलगी शेवटच्या बाकावर एकटी बसून मोजते. मी डॉक्टर नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण माझी स्वतःची टाळू तेलकट आहे, घरात वयात आलेली मुलगी आहे, आणि या विषयावर मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं डोकं भरपूर खाल्लं आहे. तेवढ्या आधारावर बोलते.

पहिली गोष्ट अशी की आपण "केस धुणं" म्हणतो तिथेच गोंधळ सुरू होतो. केस मेलेले असतात. त्यांना घाम येत नाही, तेल सुटत नाही, खाज येत नाही. हे सगळं होतं ते टाळूला, म्हणजे डोक्याच्या कातडीला. किती वेळा न्हायचं हे टाळू ठरवते. कसं न्हायचं हे केस ठरवतात. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की अर्धी भांडणं मिटतात. "माझे केस लांब आहेत, कोरडे आहेत, म्हणून मी आठवड्याने न्हाते" हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं, पण त्यात उत्तर केसांनी दिलं आहे आणि प्रश्न टाळूचा होता.

टाळूवर प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक तेलग्रंथी असते. तिच्यातून जो स्निग्ध पदार्थ झिरपतो त्याला सीबम म्हणतात. तो किती झिरपणार हे मुख्यतः शरीरातले हार्मोन ठरवतात. लहान मुलांमध्ये तो फार थोडा असतो. वयात येताना या ग्रंथी मोठ्या होतात आणि जोरात कामाला लागतात. तोंडावर पुटकुळ्या त्याच वेळी येतात, कारण दोन्हींचं मूळ एकच. पुढे उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर, हे तेल पुन्हा कमी होत जातं.

आता घरात केसांचे नियम कोण ठरवतं ते बघा. दादी, नानी, नाहीतर खाला. साठीच्या बाईची टाळू आठवडाभर न धुता छान राहते, म्हणून तिला वाटतं की सगळ्यांचीच राहते. आणि अम्मीला आठवतं की मुलगी चौथीत असताना आठवड्यातून एकदा न्हायची आणि काही अडचण नव्हती. खरंच नव्हती. पण चौथीतली टाळू आणि नववीतली टाळू एक नाही. फ्रॉक लहान झाला तर आपण नवा शिवतो. न्हाण्याचा नियम मात्र तोच चालवतो.

दुसरी गोष्ट गावाची. आमच्या शाळेतली कितीतरी घरं लातूर, बीड, जालना अशा भागांतून इकडे मुंबईच्या कडेला आलेली आहेत. नियमही त्यांच्याबरोबर ट्रकमधून आले. मराठवाड्यातली हवा वर्षाचा बराच काळ कोरडी. तिथे घाम आला तरी सुकून जातो. मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की घाम सुकतच नाही, तो कातडीवर बसून राहतो. त्यात ट्रेनची गर्दी, रस्त्याची धूळ, पत्र्याखालचं घर, आणि डोक्यावर कापड. गावाकडे सात दिवस चालणारं न्हाण इथे दोन दिवसांतच संपतं. माझी नणंद औरंगाबादला राहते. तिचे केस कुरळे, जाड, कोरडे. ती दहा दिवसांनी न्हाते आणि तिचं डोकं स्वच्छ असतं. मी तिसऱ्या दिवशी न्हायले नाही तर उशीला वास येतो. तिचं बरोबर आहे आणि माझंही बरोबर आहे. चूक तेव्हा होईल जेव्हा ती मला तिच्या हिशेबाने न्हायला सांगेल.

जुना नियम मूर्खपणाचा होता असं मी म्हणत नाही. त्याला त्याच्या काळात कारण होतं. आपल्या आया साबणाच्या वडीने डोकं धुवायच्या, तेही विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा चिकट थर होतो. तो केसांवर बसतो, केस राठ होतात, विंचरताना तुटतात. साबणाने रोज न्हालं तर केस खरोखर खराब व्हायचे. शाम्पू असा थर करत नाही. साबण गेला, शाम्पूची पुडी आली, पण साबणाची भीती घरात तशीच राहिली.

आता त्या सगळ्यात मोठ्या भीतीकडे येते. "जास्त धुतलं तर केस झडतात." ही भीती खोटी आहे, पण ती डोळ्यांना खरी दिसते, म्हणून ती मोडायला कठीण जाते.

निरोगी माणसाचे रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. प्रत्येक केसाचं एक आयुष्य असतं, काही वर्षं वाढ, मग काही महिने विश्रांती, मग तो मुळातून सुटतो आणि खालून नवा येतो. न्हाताना हातात येतो तो केस आधीच सुटलेला असतो. पाणी त्याला फक्त बाहेर आणतं. जी मुलगी वेणी घालून, वर स्कार्फ बांधून आठवडाभर न्हात नाही, तिचे सुटलेले केस पडणार कुठे? ते वेणीतच अडकून राहतात. समजा रोज 70 सुटले आणि त्यातले निम्मे विंचरताना निघाले, तर उरलेले 35 रोज आत साठतात. सात दिवसांचे 245. जुम्याला ते सगळे एकदम मोरीच्या जाळीवर. अम्मी बघते आणि घाबरते, "एवढे केस! आता दहा दिवसांनीच न्हायचं." दहा दिवसांनी 350 निघतात. मग पंधरा दिवस. भीतीने भीती वाढत जाते आणि टाळूची अवस्था बिघडत जाते.

माझ्या मुलीशी माझा हाच वाद झाला, तेव्हा मी शिक्षिकेसारखी वागले. दोन आठवडे आम्ही केस मोजले. कंगव्यातले, उशीवरचे, मोरीतले, सगळे. पहिल्या आठवड्यात ती एकदाच न्हाली, दुसऱ्या आठवड्यात चार वेळा. पहिल्या आठवड्याचे निघाले 412. त्यातले दोनशेच्या वर एकट्या न्हाण्याच्या दिवशी. दुसऱ्या आठवड्याचे 397, पण कुठल्याही एका दिवशी नव्वदच्या वर नाहीत. एका घरातल्या एका डोक्याच्या मोजणीने काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण त्या दिवसानंतर माझ्या मुलीने "झडतील" हा शब्द तोंडातून काढलेला नाही. ज्यांना खात्री नाही त्यांनी मोजून पाहावं. खर्च शून्य आहे.

दुसरी दंतकथा जरा सुशिक्षित आहे. ती पार्लरमध्ये आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत मिळते. "जितकं धुवाल तितकं टाळू जास्त तेल सोडेल. थोडे आठवडे धुऊ नका, टाळूला सवय लागेल." टाळू ही काही शाळेतली मुलगी नाही की तिला शिस्त लावावी. तेलग्रंथी हार्मोनचं ऐकते. वर तेल आहे की नाही हे बघून ती उत्पादन वाढवत नाही. धुतल्यावर डोकं "लगेच" तेलकट झाल्यासारखं वाटतं, कारण स्वच्छ टाळूवर नवं तेल जाणवतं. आधीच तेलाने माखलेल्या टाळूवर नवं काय जाणवणार? आशियाई लोकांच्या डोक्यांवर केलेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून पाच-सहा वेळा धुणाऱ्यांची टाळू आणि केस, दोन्हींबद्दलचं समाधान सर्वांत जास्त होतं, आणि जास्त धुण्याने केसांचं नुकसान आढळलं नाही. हा अभ्यास शाम्पू विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी केलेला आहे. म्हणून त्यावरून सगळ्यांनी रोज धुवा असं मी म्हणणार नाही. पण "कमी धुवा म्हणजे तेल कमी होईल" म्हणणाऱ्यांनी आपला पुरावा कुठे आहे ते सांगावं.

आता सनाकडे परत जाते, कारण तिच्या डोक्यावर नुसतं तेल नव्हतं, कोंडा होता. आणि कोंड्याबाबत आपल्या घरांत जी चूक होते ती सगळ्यांत महाग पडते.

आपल्या सगळ्यांच्या टाळूवर मालासेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी राहते. ती सीबमवर जगते. सीबमच्या तुकड्यातून ती जे पदार्थ मागे सोडते, त्याने काही जणांच्या कातडीला त्रास होतो, कातडी भराभर सुटू लागते, खाज येते. हाच कोंडा. तेल जास्त, घाम जास्त, धुणं कमी, म्हणजे बुरशीची दावत. आणि घरी काय म्हणतात? "टाळू कोरडी पडली, पापुद्रे निघतायत, तेल लावा." रात्रभर तेल, वर वेणी, वर कापड. दावतीत आणखी एक डेग.

कोरडेपणाचे पापुद्रे आणि कोंडा यांतला फरक घरी ओळखता येतो. कोरड्या टाळूचे कण बारीक, पांढरे, पिठासारखे असतात आणि झटकले की पडतात. न्हाल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटते, आणि बहुतेकदा हातपायही कोरडे असतात. कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळसर, चिकट असतात, नखाने खरवडले तर नखात तुपकट भरतात. खाली लाली असते. कधी भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागेही तसंच दिसतं. सनाच्या कानामागे तो पिवळा थर मला नुसत्या डोळ्यांनी दिसला. शिवाय एक सोपी परीक्षा आहे. न्हाल्यानंतर बरोब्बर एक दिवसाने टिश्यू पेपर, नसेल तर पातळ वहीचा कोरा कागद, टाळूवर मध्यभागी आणि कानामागे दाबून धरायचा. कागद पारदर्शक झाला तर टाळू तेलकट. दुसऱ्या दिवशी झाला तर मध्यम. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही कोरडाच राहिला तर तुम्हाला वारंवार न्हायची गरज नाही, खुशाल आठवड्याने न्हा.

सनाच्या अम्मीला मी हे सगळं पटवायला गेले नाही. एवढंच म्हणाले, "एक महिना माझ्या सांगण्याने करा. बिघडलं तर माझ्यावर." सरकारी दवाखान्यात दाखवायला लावलं. डॉक्टरांनी किटोकोनाझोल 2 टक्क्यांचा शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. हा शाम्पू लावून लगेच धुऊन टाकला तर पैसे पाण्यात. तो टाळूवर तीन ते पाच मिनिटं राहू द्यावा लागतो, तेव्हा औषधाचं काम होतं. मधल्या दिवशी साधा शाम्पू, म्हणजे एकूण एक दिवसाआड न्हाण. टाळूला तेल बंद. सनाला केसांसाठी तेल हवंच होतं, तर न्हायच्या तासभर आधी कानाच्या खाली, फक्त वेणीच्या लांबीला खोबरेल. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, हे 2003 साली झालेल्या संशोधनात दिसलं आहे. म्हणजे तेल वाईट नाही. तेलाची जागा चुकली होती.

मग पाण्याचा प्रश्न आला, आणि इथे उपदेश करणाऱ्यांचं तोंड बंद होतं. त्यांच्या चाळीत पाणी पहाटे तासभर येतं. पाच माणसं. "रोज कुठून आणू पाणी?" अम्मीचा प्रश्न रास्त होता. तर आम्ही हिशेब मांडला. टाळू धुवायला बादल्या लागत नाहीत. दोन मग पाण्याने डोकं ओलं करायचं. शाम्पूच्या पुडीतला निम्मा भाग तिसऱ्या मगात थोड्या पाण्यात ढवळायचा, म्हणजे तो सगळीकडे सारखा पसरतो. तो केसांवर ओतायचा नाही, बोटांनी भांग पाडत टाळूवर लावायचा. बोटांच्या टोकांनी, नखांनी नाही, मिनिटभर चोळायचं. कपाळाकडची कड, कानामागचा भाग आणि मानेवरची रेघ या तीन जागा सगळे विसरतात, आणि वास तिथूनच येतो. लांब केस वेगळे चोळायचे नाहीत. वरून वाहणारा फेस त्यांना पुरतो. मग पाच-सहा मग पाण्याने धुऊन टाकायचं. सगळं मिळून अर्धी बादली, फार तर आठ-नऊ लिटर. आठवड्यातून एकदा दोन बादल्या ओतून दोनदा साबण लावण्यात जेवढं पाणी जायचं, तेवढ्यात आता चार वेळा होतं.

वेळही बदलली. सना आधी जुम्याला सकाळी न्हायची, आणि शनिवारी सकाळी जादा तास असला की त्या दिवशीही घाईत डोक्यावर पाणी घेऊन ओल्या केसांची वेणी, त्यावर स्कार्फ, आणि शाळा. पावसाळ्यात अशी वेणी दुपारपर्यंत आत ओलीच राहते. कपडा ओला घडी करून ठेवला तर त्याला जो कुबट वास येतो, तोच डोक्याला येतो. म्हणून आता संध्याकाळी, शाळेतून आल्यावर. टॉवेलने घासायचं नाही, दाबून पाणी टिपायचं, जाड दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवायचा, आणि पंख्याखाली अभ्यास. दीड तासात मुळं सुकतात. मुळं पूर्ण सुकल्याशिवाय बांधायचं नाही.

आता स्टाफरूममधल्या बाईंचं उत्तर. स्कार्फने टाळूला तेल सुटत नाही आणि स्कार्फने केस झडत नाहीत. कापड घाम धरून ठेवतं, हे खरं. तसंच हेल्मेट धरून ठेवतं, तशीच पोलिसाची टोपी, तसाच फेटा. हेल्मेट घालून दिवसभर पार्सलं पोहोचवणाऱ्या मुलाला कोणी "डोकं बांधून ठेवतोस म्हणून" असं ऐकवत नाही, त्याला सांगतात, घरी जाऊन डोकं धू. हाच सल्ला आमच्या मुलींनाही पुरेसा आहे. डोकं झाकणारीने टाळू जास्त वेळा धुवावी, आणि कापडही धुवावं. आतली टोपी सुती असावी आणि रोज बदलावी. आठवडाभर तीच टोपी वापरून न्हाण्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका गोष्टीला मात्र जपायला हवं. पुढचे केस ताणून मागे घट्ट अंबाडा आणि त्यावर घट्ट टोपी, असं वर्षानुवर्षं केलं तर कपाळाच्या कडेचे केस ओढले जाऊन विरळ होतात, आणि फार उशीर झाला तर परत येत नाहीत. ते ताणाने होतं. घट्ट वेणीनेही होतं. गाठ सैल करा, मागे खाली बांधा.

आणि जुम्याचं. जुम्याच्या दिवशी आंघोळ करण्याची ताकीद आपल्याला आहे. बाकीचे सहा दिवस करू नये, अशी कुठे आहे? वुजू करताना ओला हात डोक्यावरून फिरतो, त्याने मसह होतो, तेल निघत नाही. गुस्लमध्ये पाणी केसांच्या मुळांपर्यंत पोहोचलं पाहिजे, ही अट आपण लहानपणी पाठ केली. मुळांचं महत्त्व आपल्याला शिकवलेलं होतं. आपण फक्त त्याचा वार ठरवून टाकला. टाळूला वार कळत नाही. शेजारच्या घरांतही तेच आहे, कोणाकडे सोमवारी नाही, कोणाकडे शनिवारी नाही. बुरशीच्या घरी कुठलंच कॅलेंडर नाही.

एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते. सनाचा मोठा भाऊ त्याच घरात राहतो. तोच वंश, तीच तेलकट टाळू. तो रोज सकाळी मोरीत बसून डोक्यावर पाणी ओततो, पुडी फाडतो, फेस करतो. त्याचे केस झडतील म्हणून कोणाला काळजी वाटत नाही. पाणी कमी आहे, हेही त्याला कोणी सांगत नाही. मुलगा रोज न्हाला तर साफ-सुथरा, मुलगी एक दिवसाआड न्हाली तर नखरेल, "कुठे जायचंय तुला?" केस आखूड असल्याने त्याचं काम लवकर होतं हे मान्य. पण टाळू तर दोघांची तेवढीच. मुलीचे केस म्हणजे घराची ठेव, तिच्या लग्नापर्यंत सांभाळायची, आणि त्या ठेवीखाली जिवंत कातडी आहे, तिला खाज येते, ती आंबते, याचा विसर. मी हे रागाने लिहिते आहे.

मग नियम काय? आकडा हवाच असेल तर हा घ्या, पण कागदाची परीक्षा करून. मुंबई, ठाणे, पनवेल, रत्नागिरी अशा दमट हवेत राहणारी, सरळ किंवा बारीक केसांची, तेलकट टाळूची माणसं: एक दिवसाआड, आणि एप्रिल ते ऑक्टोबर घाम फार येत असेल तर रोज, सौम्य शाम्पूने. जाड, लहरदार केस, मध्यम टाळू: आठवड्यातून दोन-तीनदा. कुरळे केस: तेल गोल वळणांवरून खाली उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी पडतात. त्यांनी आठवड्याने एकदा न्हावं, मात्र टाळू तेलकट असेल तर दोनदा, आणि टोकांना कंडिशनर किंवा आधी खोबरेल. वयात न आलेली मुलं: आठवड्यातून एक-दोनदा, मातीत खेळून आली तर त्या दिवशी. वडीलधाऱ्या बायका: आठवड्याने. रंग लावलेले केस असतील तर धुण्याचे दिवस टाळूवर ठरवा, पण शाम्पू सौम्य घ्या. आणि जास्त होतंय हे कसं कळेल? न्हाल्यावर टाळू ओढली जाते, तेल नसताना खाज येते, केस काथ्यासारखे लागतात. असं झालं तर आधी शाम्पू बदला, पाणी गरम घेत असाल तर कोमट करा, आणि तरीही तसंच राहिलं तर एक दिवस वाढवा.

न्हाण्याने जे सुटणार नाही तेही सांगते. डोक्यावर गोल चट्टा, त्यात केस तुटलेले, लहान मुलाच्या मानेत गाठ, हा नायटा असू शकतो. त्याला शाम्पू पुरत नाही, पोटातून औषध लागतं आणि घरातल्या इतर मुलांनाही तपासावं लागतं. रोज शंभराच्या बरेच वर केस महिनोन्‌महिने जात असतील, भांग रुंद होत असेल, तर रक्त कमी आहे का, थायरॉइड आहे का, ते बघायला हवं. आमच्या कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन कमी असतं. त्यांचे केस अशक्तपणाने जातात आणि आरोप शाम्पूवर येतो. उवा असतील तर त्यांचं औषध वेगळं.

सनाचा महिना संपायच्या आत पिवळे पापुद्रे गेले, खाज गेली. पहिल्या आठवड्यात मोरीत केस जास्त दिसले. अम्मी धावत शाळेत आली, तोंड उतरलेलं. मी म्हणाले, "हे जुने साठलेले आहेत, आता पुढच्या आठवड्यात बघा." पुढच्या आठवड्यात ती आली नाही. न येणं हेच उत्तर. डॉक्टरांनी औषधाचा शाम्पू आता पंधरा दिवसांतून एकदा ठेवायला सांगितलाय, कारण कोंडा कायमचा जात नाही, आवरून ठेवावा लागतो. हा पावसाळा आला की तो परत डोकं वर काढेल, तेव्हा परत आठवड्यातून दोनदा.

तिसऱ्या बाकावरची मुलगी आपणहून परत तिच्या शेजारी येऊन बसली. मी काही बोलले नाही. परवा सनाच्या अम्मीने विचारलं, "टीचर, छोटीलाही आता एक दिवसाआड न्हाऊ घालू?" छोटी दुसरीत आहे. मी म्हणाले, "नको. तिला अजून जुमा पुरतो. पाचवी-सहावीत कागद लावून बघा."